शाळेतील शिक्षा, आणि तिच्या जागी काय?

(वर्षावासानिमित्त मंडळाने मनोरी येथे घेतलेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



आम्ही शिक्षक नाही. बँकेत कारकुनी करणारा माणूस, त्यात कला शाखेचा पदवीधर; तेव्हा शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमचा नाही. पण मंडळाच्या अभ्यासिकेत मुले येतात, त्यांच्या आया येतात, आणि त्यांच्याकडून जे कानावर येते ते आज आपल्यापुढे ठेवावे असे वाटले.

नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट आपल्याला आठवत असेल. आपल्या उत्तरेला भाईंदरची खाडी ओलांडली की वसई. तिथल्या एका शाळेत सहावीतली मुलगी उशिरा आली म्हणून तिला शंभर उठाबशा काढायला लावल्या, पाठीवर दप्तर होते, असे वर्तमानपत्रांतून आले. त्यानंतर तिची प्रकृती बिघडली आणि आठवड्याभरात मुंबईच्या रुग्णालयात तिचे निधन झाले. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. मृत्यूचे नेमके कारण काय, ते डॉक्टर आणि न्यायालय ठरवतील. आपण निकाल देऊ नये. पण तेव्हा आपल्याच वस्तीत आम्ही एक वाक्य ऐकले आणि ते आम्हांला फार लागले. एक गृहस्थ म्हणाले, "मारलं तर नव्हतं ना? उठाबशाच काढायला लावल्या होत्या."

बंधूंनो, खरी अडचण ह्या 'च'मध्ये आहे. छडी गेली म्हणजे शिक्षा गेली असे आपण धरून चाललो आहोत. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ ह्या दोहोंना बंदी केली, आणि ती मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई सांगितली. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने २०१२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत बाकावर उभे करणे, डोक्यावर दप्तर घेऊन उभे करणे, गुडघ्यावर बसवणे, कोंबडा करणे ह्या सर्व गोष्टी शारीरिक शिक्षेतच मोजल्या आहेत. टोमणे मारणे, टोपणनावे ठेवणे, जातीवरून किंवा आईबापांच्या धंद्यावरून बोलणे हा मानसिक छळ ठरवला आहे. हे शेवटचे आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगायला नको. साताऱ्याच्या शाळेत बाळ भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते. तेव्हा अंगाला हात न लावताही मुलाला किती दुखवता येते, हे आपण जाणतो.

कायदा होऊन इतकी वर्षे झाली, मग शिक्षा टिकली का? आमच्या मते दोन कारणे मुख्य आहेत.

पहिले कारण असे की शिक्षा लगेच लागू पडल्यासारखी दिसते. इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांची एक गोष्ट मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान यांनी सांगितली आहे. प्रशिक्षक म्हणत, चांगल्या उड्डाणाबद्दल शाबासकी दिली की पुढचे उड्डाण बिघडते, आणि वाईट उड्डाणानंतर झापले की पुढचे सुधारते. म्हणून झापणेच बरे. काहनेमान यांनी त्यातली चूक दाखवली. एखाद्याचे उड्डाण नेहमीपेक्षा फारच वाईट झाले, तर पुढचे बहुधा त्याच्या नेहमीच्या पातळीवर येणारच, झापा किंवा झापू नका. वर्गातही हेच होते. मुलाचा सर्वांत वाईट दिवस असतो त्याच दिवशी त्याला शिक्षा होते. दुसऱ्या दिवशी तो आपोआप थोडा बरा वागतो आणि श्रेय उठाबशांना मिळते. आठ दिवसांनी तोच मुलगा तीच चूक करतो, तेव्हा उठाबशा फसल्या असे कोणी म्हणत नाही. त्या दहाच्या वीस होतात. एकाच मुलाला एकाच चुकीसाठी पुन्हा पुन्हा शिक्षा होते आहे, हीच ती शिक्षा निरुपयोगी असल्याची खूण समजावी.

दुसरे कारण आपण स्वतः आहोत. "सर, हवं तर मारा, पण शिकवा," असे शाळेत जाऊन सांगणारे आईबाप ह्या सभेतही असतील. 'श्यामची आई' चित्रपटातले छडीचे गाणे १९५३ पासून आपण हौसेने म्हणत आलो. ज्या घरात वडील पट्टा काढतात, त्या घरातल्या मुलाला शाळेत नुसते समजावले तर तो प्रथम हसतो. मग शिक्षकही म्हणतात, ह्यांना हीच भाषा कळते. ही भाषा त्याला शिकवली कोणी?

आता आमच्या धंद्यातले एक उदाहरण सांगतो. संध्याकाळी बँकेत हिशेब जुळला नाही, तर कारकुनाला कोणी अंगठे धरायला लावत नाही. आम्ही फरक किती ते पाहतो. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर बहुधा कुणीतरी दोन आकडे उलटसुलट लिहिलेले असतात, ५४ च्या जागी ४५. मग त्या दृष्टीने व्हाऊचरे चाळायची. चुकीलाच विचारले की ती कुठून आली ते सांगते. मुलाच्या चुकीलाही असे विचारता येते, हे आम्ही एका मुलाच्या बाबतीत पाहिले.

हा मुलगा आपल्या मनोरीतला, आठवीतला. शाळा खाडीपलीकडे. नाव मुलाचेही सांगत नाही, शाळेचेही नाही. रोज फेरीबोटीने मार्वेला उतरायचे आणि तिथून पुढे बस. महिन्यातून आठ-नऊ वेळा त्याला उशीर होई आणि प्रत्येक वेळी वर्गाबाहेर वीस उठाबशा. दिवाळीनंतर त्याने तोडगा काढला : उशीर झाला की शाळेत जायचेच नाही, मार्वेच्या किनाऱ्यावर बसून राहायचे. म्हणजे शिक्षेने उशीर थांबला नाही. दहा मिनिटांच्या उशिराची पूर्ण दिवसाची गैरहजेरी झाली.

त्याच्या नव्या वर्गशिक्षिका ताईंनी त्याला बाजूला बोलावले, वर्गासमोर नाही. त्यांनी एक लहान वही दिली आणि महिनाभर तीन गोष्टी लिहायला सांगितल्या : तारीख, किती मिनिटे उशीर, आणि कारण. खऱ्या कारणाबद्दल शिक्षा होणार नाही, एवढा शब्द दिला. महिन्याने वही पाहिली तेव्हा उशिराचे तीन गट पडले. काही दिवस असे होते की सकाळीच पुरती ओहोटी होती आणि बोटीत चढ-उतार करायला वेळ गेला. भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, त्यामुळे असे दिवस साधारण पंधरवड्याने सलग येतात. मनोरीच्या माणसाला हे ठाऊक, पलीकडच्या शाळेला नाही. दुसऱ्या गटात आईची रिसॉर्टमधली सकाळची पाळी होती. त्या दिवशी धाकट्या बहिणीला तयार करून शाळेत सोडणे त्याच्याकडे असे. तिसऱ्या गटातले दिवस त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते : "झोप लागली."

आता पाहा, उठाबशांनी ह्यातले काय सुधारणार होते? ओहोटीच्या दिवसांसाठी पंचांग पाहून आधीची बोट धरायचे ठरले, आणि तरी उशीर झालाच तर मागच्या दाराने शांतपणे येऊन बसायचे. बहिणीसाठी ताईंनी आईला बोलावले; शेजारच्या काकूंनी ते दोन दिवस आपल्याकडे घेतले. झोपेच्या दिवसांसाठी मुलानेच उपाय सुचवला : जितकी मिनिटे बुडाली तितकी मधल्या सुट्टीत बसून बुडालेला अभ्यास उतरवायचा, डबा खाऊन झाल्यावर. वर्ष संपेपर्यंत उशीर महिन्यात दोन-तीन वेळांवर आला. पुरता थांबला नाही. पण किनाऱ्यावर बसणे थांबले.

शिस्तीचा हा मार्ग व्हिएन्नाचे डॉ. अल्फ्रेड अ‍ॅडलर आणि त्यांचे सहकारी रुडॉल्फ ड्रायकर्स यांच्या विचारांतून पुढे आला. त्याची कसोटी सोपी आहे. चुकीच्या परिणामाचा चुकीशी संबंध असावा, त्यात अपमान नसावा, तो बेताचा असावा आणि मुलाला आधी माहीत असावा. बाक खरडला तर बाक पुसणे, हा परिणाम झाला. बाक खरडला म्हणून मैदानाला फेऱ्या, ही शिक्षा झाली. आणि "मी उशिरा येणार नाही" हे शंभर वेळा लिहायला लावणे म्हणजे नाव बदललेली छडीच.

बुद्धांनी राहुलाला खोटे बोलण्याविषयी समजावले तेही असेच. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून त्यांनी प्रश्न विचारले, आणि आरशात पाहावे तसे प्रत्येक कृतीकडे करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहायला सांगितले. ताईंची ती वही म्हणजे असाच एक आरसा होता.

ह्या मार्गाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शिक्षा बंद केल्यावर पहिले काही आठवडे वर्गात गोंगाट वाढतो, कारण भीती गेलेली असते आणि नवी सवय लागलेली नसते. पुष्कळ शिक्षक नेमके तेव्हाच हात टेकतात. कायद्याने प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. साठ मुले एका ताईंपुढे बसवली तर प्रत्येकाची वही कशी पाहणार? त्यांनी सर्वाधिक अडचणीच्या दोन-तीन मुलांपासून सुरुवात करावी. आणि मारामारी चालू असताना चर्चा करायची नसते. मुलांना धरून वेगळे करावे, बोलणे नंतर. धरणे आणि मारणे ह्यांत फरक आहे.

शेवटी पालकांना दोन शब्द. एका ठराविक तासाच्या दिवशीच मुलाचे पोट दुखते, वही सारखी हरवते, अंथरूण ओले होऊ लागते, तर आधी रागावू नका, विचारा. शिक्षा झाली असे कळले तर तारीख आणि मुलाचे शब्द लिहून ठेवा, दुखापत असल्यास डॉक्टरांचा कागद घ्या आणि मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अनुदानित व पालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात. तिथे विषय मांडा. तरी दाद लागली नाही तर महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत देणे कायद्याने बंधनकारक आहे. मुलाला स्वतःला १०९८ हा क्रमांक पाठ करून द्या. हा कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे. नववी-दहावीच्या मुलाला त्याचा आधार पुरत नाही, तिथे बाल न्याय कायदा आणि फौजदारी कायदा पाहावा लागतो.

पण शाळेत अर्ज घेऊन जाण्यापूर्वी घरातला पट्टा खुंटीवरून काढा. नाहीतर मुख्याध्यापक विचारतील, "घरी काय करता?" आणि आपल्याला खाली पाहावे लागेल. आम्हीही एके काळी मुलावर हात उचलला आहे, म्हणून हे सांगतो. त्याने ते आजवर आम्हांला बोलून दाखवले नाही, पण तो विसरलेला नाही.