व्याजदर उतरला, मग गुंतवणूक का वाढत नाही?

व्याजदर उतरला की गुंतवणूक वाढते, असे आपण सहज म्हणतो. पण मध्ये नेमके काय घडते? जेम्स टोबिन यांनी १९६९ मध्ये त्याचे उत्तर एका गुणोत्तरात बसवले. भांडवलाला बाजार देतो ती किंमत, भागिले तेच भांडवल आज नव्याने उभारण्याचा खर्च. यालाच क्यू म्हणतात. तो १ च्या वर असेल तर नवे उभारणे परवडते. खाली असेल तर दुसऱ्याचे जुने विकत घेणे स्वस्त पडते.

१ कोटी रुपये खर्चून बांधलेले गोदाम वर्षाला निव्वळ १२ लाख मिळवून देते आणि ही मिळकत कायम चालणार, असे धरू. १२ टक्के दराने त्याची किंमत १ कोटीच होते, म्हणजे क्यू १. दर १० टक्क्यांवर आला की किंमत १ कोटी २० लाख, क्यू १.२. आता तितक्याच किमतीचे, पण पाच वर्षांत भंगारात जाणारे यंत्र घ्या. १२ टक्क्यांना त्याचाही क्यू १ असेल, तर १० टक्क्यांना तो जेमतेम १.०५ होतो. दरकपात तीच, परिणामात मात्र चौपट फरक. म्हणून व्याजदराचा गुंतवणुकीवरचा परिणाम विचारण्याआधी कोणती मालमत्ता आणि किती आयुष्याची, हे विचारायला हवे, असे माझे मत आहे.

यावर कोणी म्हणेल की, डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने दर जवळजवळ शून्यावर आणला, तरी शेअर मार्च २००९ पर्यंत घसरतच राहिले आणि गुंतवणूकही आटली. मग हे गणित खोटेच ना? मला तसे वाटत नाही. गोदामाच्या उदाहरणात आपण १२ लाख स्थिर धरले होते. अमेरिकेत त्या वेळी मिळकतीची आशाच खचली होती, शिवाय जोखमीपोटी गुंतवणूकदार जास्त परतावा मागत होते. दर उतरला तो याच कारणांमुळे. म्हणून दर उतरूनही क्यू खाली आला, आणि गुंतवणूक त्याच्यामागे गेली.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. शेअरबाजारातून मिळतो तो सगळ्या भांडवलाचा सरासरी क्यू. उद्योजक पाहतो तो पुढच्या एका यंत्राचा. फुमिओ हायाशी यांनी १९८२ मध्ये दाखवले की, हे दोन्ही सारखे येण्यासाठी बाजारात पूर्ण स्पर्धा हवी आणि आकार वाढला तरी उत्पादन व खर्चाचे प्रमाण तेच राहायला हवे. एखाद्या कंपनीचा शेअर तिच्या मक्तेदारीमुळे चढला असेल, तर क्यू ३ असूनही ती नवी भिंत बांधणार नाही. उत्पादन वाढवले की तिच्याच मालाचा भाव पडतो. थॉमस फिलिपॉन यांनी २००९ मध्ये शेअर बाजूला ठेवून कंपन्यांच्या कर्जरोख्यांच्या किमतींवरून क्यू काढला, आणि अमेरिकेतील गुंतवणुकीशी तो शेअरच्या क्यूपेक्षा कितीतरी चांगला जुळला. शेअरच्या भावात दूरच्या भविष्याविषयीच्या अटकळी मिसळतात, रोख्याच्या भावात त्या कमी असतात. आपल्याकडे हा प्रयोग करायचा तर आधी रोख्यांचे पुरेसे व्यवहार रोजच्या रोज व्हायला हवेत. त्याविषयी आपण काय म्हणता, हे ऐकायला मी उत्सुक आहे.