शेवटच्या वर्षाचा प्रकल्प: विषय कसा निवडावा?

खेड्यापाड्यांतली पुष्कळ मुले-मुली आता अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतात. शेवटच्या वर्षी चौघांचा गट करून त्यांना एक प्रकल्प करावा लागतो. घरी फोन येतो, "बाबा, प्रकल्पासाठी पैसे लागतील." किती आणि कशासाठी, हे बापाला कळत नाही, आणि पुष्कळदा मुलालाही नीट सांगता येत नाही. म्हणून आज या प्रकल्पाचा विषय कसा निवडावा, हे एकाच उदाहरणावरून सांगणार आहे. मी स्थापत्य शाखेत शिकवतो, तेव्हा उदाहरणही काँक्रीटचेच घेतो.

आधी एक फसलेली गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका गटाने सिमेंटमध्ये निरनिराळ्या राखा मिसळण्याचा विषय घेतला. जानेवारी वाचनात गेला, फेब्रुवारी सामान जमवण्यात. काँक्रीटचे ठोकळे ओतले ते मार्चच्या अखेरीस. आता काँक्रीटची ताकद ठरते ती २८ दिवस पाण्यात ठेवल्यानंतर. त्यांचा अठ्ठाविसावा दिवस अहवाल देण्याच्या तारखेच्या पुढे पडला. दोघे माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, ७ दिवसांची ताकद २८ दिवसांच्या साधारण ६५ टक्के असते ना? मग त्या हिशेबाने आकडा काढून लिहू का?"

मी म्हटले, "अरे, ते प्रमाण साध्या सिमेंटचे. राख तर उशिरा कामाला लागते. सिमेंट घट्ट होताना जो चुना सुटतो, त्याच्याशी राखेतली सिलिका हळूहळू संयोग पावते. म्हणजे राख शेवटी किती ताकद देते, हा तुमचा प्रश्न, आणि त्याचेच उत्तर तुम्ही अंदाजाने भरणार?" त्यांनी ७ दिवसांचेच आकडे खरेपणाने लिहिले. गुण कमी पडले. दोष त्यांचा होता तसा माझाही होता, कारण विषय मंजूर करताना मी दिवस मोजले नव्हते.

तेव्हापासून मी एक रीत धरली. विषय आधी ठरवून मग वेळापत्रक करायचे नाही. शेवटच्या तारखेपासून उलटे मोजत यायचे, आणि जो प्रश्न त्या मापात बसेल तोच विषय.

पुढच्या वर्षी एक गट आला. आधी त्यांच्या डोक्यात होते, भेग आपोआप बुजवणारे जिवाणूंचे काँक्रीट. विषय नवा आणि आकर्षक. मी विचारले, "जिवाणू कुठे वाढवणार?" आमच्याकडे जीवशास्त्राची प्रयोगशाळा नाही, ती संवर्धने शुद्ध राखायला शिकवणारे कोणी नाही. तो विषय तिथेच संपला. त्यातली एक मुलगी साखर कारखान्याजवळच्या गावची. ती म्हणाली, "सर, आमच्या इथे बॉयलरच्या राखेचे डोंगर पडलेत." उसाचे चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, जाळल्यावर राहते ती ही राख. तिच्यात सिलिका पुष्कळ असते.

आता, ही राख सिमेंटऐवजी घालून पाहणे नवे नाही. अनेक ठिकाणी ते झाले आहे. नवेपणा विषयाच्या नावात शोधला तर तो सापडत नाही. तो प्रश्नात शोधावा. राख ही बॉयलरप्रमाणे बदलते. जाळ कमी पडला तर तिच्यात न जळलेला काळा कोळसा राहतो, तो पाणी पितो आणि ताकद देत नाही. शिवाय ती भरड असते. मग आम्ही प्रश्न असा धरला: याच कारखान्याची राख, एकदा आहे तशी आणि एकदा दळून, दोन्हींत किती फरक पडतो? दळायला यंत्र आणायचे नव्हते. रस्त्याच्या खडीची झीज तपासायला प्रत्येक स्थापत्य महाविद्यालयात लॉस एंजल्स यंत्र असते. लोखंडी गोळे टाकून फिरवायचा तो मोठा पिंप. तोच आमची चक्की झाला. फक्त आधीची दगडाची भुकटी पुसून काढावी लागली.

आता दिवसांचा हिशेब. जानेवारीच्या सुरुवातीपासून एप्रिलअखेरपर्यंत १७ आठवडे. शेवटचे दोन आठवडे लेखन, छपाई आणि बांधणीला. त्याआधीचा एक आकडेमोडीला आणि काही बिघडले तर सावरायला. म्हणजे शेवटचा ठोकळा चौदाव्या आठवड्यात फुटला पाहिजे. राख उशिरा कामाला लागते म्हणून २८ दिवसांखेरीज ५६ दिवसांचीही ताकद हवी. ५६ दिवस म्हणजे ८ आठवडे. चौदातून आठ गेले, उरले सहा. सहाव्या आठवड्याअखेर शेवटचे ओतकाम संपले पाहिजे. मुलांना ९० दिवसही हवे होते. पण ९० दिवस म्हणजे जवळजवळ १३ आठवडे. सहा आणि तेरा एकोणीस. आमच्याजवळ सतराच. ते सोडून दिले.

त्यानंतर मुलांना घेऊन प्रयोगशाळेत गेलो. यादीत १५ सेंटिमीटरचे १२ साचे होते. हात लावून पाहिले तर तिघांचे बोल्ट झिजलेले, त्यांतून सिमेंटचे पाणी गळे. म्हणजे चालू साचे नऊच. आमच्या यादीप्रमाणे ७, २८ आणि ५६ दिवसांना प्रत्येकी तीन ठोकळे, म्हणजे एका मिश्रणाचे नऊ. एका दिवसात एकच मिश्रण ओतता येणार, आणि साचे दुसऱ्या दिवशी सुटणार. शिवाय दुसऱ्या वर्षाच्या वर्गाचे प्रात्यक्षिक तिथेच असते. आम्हाला मिळाले मंगळवार आणि गुरुवार. म्हणजे आठवड्याला दोन मिश्रणे.

मुलांनी मागितले होते पाच निरनिराळे टक्के, दोन्ही प्रकारची राख आणि एक साधे काँक्रीट. एकूण ११ मिश्रणे, ९९ ठोकळे, साडेपाच आठवडे ओतकाम. त्यांना म्हटले, "चौथ्या आठवड्यात सुरू केलेत तर नवव्यात संपेल, आणि ५६ दिवस सतराव्या आठवड्यात पुरे होतील, म्हणजे अहवाल देण्याच्या आठवड्यातच." तेव्हा त्यांनीच कात्री लावली. एक साधे, १० आणि २० टक्के न दळलेली, १० आणि २० टक्के दळलेली. पाच मिश्रणे, ४५ ठोकळे. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सहा दिवस मिळत होते, पाच लागत होते. एक हाताशी राहिला. तो कामीही आला, कारण एका गुरुवारी वीज गेली.

खर्चही याच मोजणीतून निघतो. एका ठोकळ्याला सुमारे ८ किलो काँक्रीट लागते. वाया जाणारे धरून ४५ ठोकळ्यांना सुमारे ६० किलो सिमेंट, सव्वाशे किलो वाळू आणि दोनशे किलो खडी. आधीची चाचणी धरून सिमेंटच्या दोन गोण्या पुरल्या. गोणी साधारण चारशे रुपयांची. दोन्ही एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्यायच्या आणि प्लास्टिकमध्ये बांधून ठेवायच्या. नाही तर राखेचा फरक कोणता आणि जुन्या सिमेंटचा कोणता, हे कळत नाही. राख फुकट, पण चाळून-दळून घट येते म्हणून पोतेभर आणावी. महाग गोष्ट एकच होती: बाहेरच्या प्रयोगशाळेकडून राखेची रासायनिक तपासणी. तिची फी आधी लेखी विचारून मग फक्त एकच नमुना पाठवला. राखेत कोळसा किती, ते मात्र घरच्या घरी कळते. वाळवलेली राख मफल भट्टीत सुमारे ९५० अंशांवर, वजन घटायचे थांबेपर्यंत तापवायची आणि किती घटली ते पाहायचे. कोळशाच्या राखेसाठी भारतीय मानकाने ही घट जास्तीत जास्त ५ टक्के ठरवली आहे. तुलनेला ती मोजपट्टी धरावी.

एक ध्यानात ठेवण्याजोगे. हा प्रकल्प जानेवारीत जमला, कारण तेव्हा गळीत हंगाम चालू असतो आणि ताजी, कोरडी राख मिळते. ऑगस्टात कारखाना बंद असतो. जुन्या ढिगाची राख पावसाने भिजलेली आणि मातीत मिसळलेली असते. कच्चा माल कोणत्या महिन्यात मिळतो, हेही विषय निवडतानाच विचारावे.

काम सुरू झाल्यावर दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला पाण्याचा. राख घातली की काँक्रीट कोरडे दिसते, आणि गवंड्याप्रमाणे हात तांब्याकडे जातो. पाणी वाढले की ताकद उतरते आणि दोष राखेवर जातो. म्हणून पाणी किती, हे आधी ठरवून ते तोलूनच घालायचे, आणि काँक्रीट किती बसते ते शंकूच्या साच्याने मोजून लिहून ठेवायचे. दुसरा घोटाळा ठोकळा फोडताना. चांगला ठोकळा चारी बाजूंनी सारखा सुटतो आणि मधे डमरूसारखा आकार उरतो. एकच बाजू उडाली तर तो यंत्रात मध्यावर नव्हता किंवा साचा वाकडा होता. तीन ठोकळ्यांच्या सरासरीपासून कोणताही १५ टक्क्यांहून दूर नसावा, असा नियम आहे. समजा ३१, ३० आणि २२ आले. सरासरी सुमारे २७.७. बावीस हा वीस टक्क्यांनी खाली. अशा वेळी सरासरी मिरवायची नाही, कारण शोधायचे. आणि सावरायला ठेवलेला आठवडा याच कामाचा.

त्या गटाचे काय झाले? दळलेली राख १० टक्के घातलेले काँक्रीट ७ दिवसांना मागे होते, ५६ दिवसांना साध्याच्या अगदी जवळ आले. न दळलेली २० टक्के घातलेले शेवटपर्यंत मागेच राहिले. त्यांनी दोन्ही लिहिले. या राखेने घर बांधा, असे त्यांनी म्हटले नाही, कारण त्यांनी फक्त दाब तपासला होता. लोखंड गंजते का, पाणी झिरपते का, हे तपासले नव्हते. तेही त्यांनी लिहिले. आणि मुख्य म्हणजे, पहिल्या गटाला जो आकडा अंदाजाने भरायचा मोह झाला होता, तो यांच्याजवळ मोजलेला होता.

तेव्हा पालकहो, मुलगा प्रकल्पाचे पैसे मागेल तेव्हा द्या, पण आधी विचारा: शेवटची तारीख कोणती, तिच्यापासून उलटे मोजलेस का, चालू साचे किती? आणि शिक्षकबंधूभगिनींनो, विषयाच्या कागदावर सही करण्यापूर्वी मुलांबरोबर एकदा प्रयोगशाळेत जाऊन बोल्ट हाताने फिरवून पाहा.