धर्मादाय धाव आणि छातीवरील बिब
आमच्या धावसंघाची 10 किलोमीटरांची धर्मादाय धाव येत्या रविवारी पहाटे 6 वाजता नरिमन पॉइंटाहून निघेल, आणि समुद्राच्या कडेने चौपाटीच्या दिशेने 2.5 किलोमीटर जाऊन परतण्याच्या दोन फेऱ्यांनी पूर्ण होईल. 500 रुपयांचे शुल्क, खर्च वजा जाता, बालरुग्णांच्या औषधनिधीत जमा होईल. बिब शनिवारी प्रारंभस्थळीच्या मंडपातून ओळखपत्र दाखवून स्वतःच न्यावे, व त्याच्या पाठीमागे रक्तगट, चालू औषधे आणि आप्ताचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. कारण शुद्ध हरपलेल्या धावकाची ओळख तेवढीच उरते, आणि दुसऱ्याचे बिब लावणारा डॉक्टरांच्या हाती भलत्याच माणसाची माहिती देतो. दमट हवेत घाम सहजी वाळत नाही व देह तापतो. यास्तव चक्कर, हुडहुडी वा छातीत कळ येताच थांबून स्वयंसेवकास हाक द्यावी.