बिलाची वही : जमा किती, बाकी किती



आम्ही दौलताबादची माणसं. घरी सीताफळाचा गर काढून आइस्क्रीमवाल्यांना देतो. बिल फाडतो, पण पैसे तुकड्यातुकड्यानं येतात. घोळ तिथंच होतो.

पूर्वी आम्ही 'शेठकडून ९०० आले' एवढंच लिहायचो. कोणत्या बिलाचे, यावर भांडण ठरलेलं. आता वहीत रकाने आखलेत: बिल नंबर, तारीख, नाव, बिलाची रक्कम, जमा, बाकी. प्रत्येक बिलाखाली दोन ओळी मोकळ्या ठेवतो. १४ नंबरचं बिल २,४०० रुपयांचं. आधी १,००० आले, मग ९००. दोन्ही तारखेसह त्याच बिलाखाली मांडले, बाकी ५००.

महिनाअखेरी बिलांच्या बेरजेतून जमेची बेरीज वजा करा. बाकीच्या रकान्याची बेरीज तेवढीच यायला हवी. नाही आली, तर वजाबाकी कुठं तरी चुकली. पण जमा लिहायचीच राहिली, तर बेरीज जुळते अन् चूक लपते! म्हणून पैसे हातात पडताच लिहायचं.

अन् त्या नोंदीपुढं गिऱ्हाइकाची सही घ्या. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानं उधार मालाच्या पैशासाठी दावा ३ वर्षांत लावावा लागतो. मुदतीच्या आत काही रक्कम दिल्याची त्याच्या सहीची नोंद असली, तर ती ३ वर्षं त्या दिवसापासून नव्यानं मोजतात.