पुसण्याची परवानगी



कार्यक्रमपत्रिकेत विषय छापला आहे : ‘अनिर्बंध व्याकरणे आणि ट्युरिंग यंत्रे’. तो मी सांगणारच आहे. पण या विषयावर माझे एक ठाम मत आहे आणि संध्याकाळभर मी त्याच्याकडेच वळत राहणार, हे आधी सांगून टाकतो. व्याकरणाला यंत्राइतके बळ येते ते अक्षरे पुसण्याच्या परवानगीमुळे. वाढवण्याची परवानगी तर साध्यासुध्या व्याकरणालाही असते.

ट्युरिंग यंत्र म्हणजे काय ते परवाच्या व्याख्यानात झाले आहे. घराघरांची लांबच लांब टेप, तिच्यावर फिरणारे हेड आणि हेडची ‘स्थिती’. पुढे जातो.

व्याकरण म्हणजे अदलाबदलीच्या नियमांचा संच. एका आरंभचिन्हापासून सुरुवात करायची, ओळीत कुठेही नियमाची डावी बाजू सापडली की तिथे उजवी बाजू लिहायची. काही चिन्हे कामापुरती असतात, काही खरी अक्षरे. कामाची सगळी चिन्हे संपून नुसती अक्षरे उरली, तरच तो शब्द भाषेत आला. ‘अनिर्बंध’ म्हणजे डावीकडे एकाहून अधिक चिन्हे चालतात आणि उजवी बाजू डावीहून आखूडही चालते. अगदी रिकामीसुद्धा.

दावा असा : यंत्र ज्या शब्दांना होकार देते तेवढेच शब्द निर्माण करणारे व्याकरण नेहमी लिहिता येते, आणि उलटही. नोम चॉम्स्कींच्या 1959 च्या लेखात हे नीट मांडलेले आहे. पण त्यातली मुख्य युक्ती त्याआधीची. नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल थ्यू यांनी 1914 मध्ये प्रश्न विचारला होता की अदलाबदलीचे नियम दिले तर एका ओळीपासून दुसरी मिळेल की नाही, हे ठरवणारी रीत आहे का. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये शिकवणाऱ्या एमिल पोस्ट यांनी 1947 मध्ये ‘नाही’ असे सिद्ध केले. त्याच वर्षी रशियात मार्कोव्ह यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवले. पोस्ट यांनी केले काय, तर ट्युरिंगचे यंत्रच ओळीत उतरवले. टेपवरची अक्षरे एका ओळीत लिहिली आणि हेड जिथे असेल तिथे, त्या घराच्या डावीकडे, स्थितीचे एक अक्षर घुसवले. यंत्राची संपूर्ण अवस्था म्हणजे एक लांब शब्द झाला. यंत्राच्या एका पावलात हेडच्या शेजारची दोन-तीन चिन्हे तेवढी बदलतात, बाकी ओळ जिथल्या तिथे राहते. म्हणून एक पाऊल म्हणजे एक नियम. डावीकडे एकच चिन्ह असते, तर स्थितीच्या अक्षराला शेजारचे घर दिसलेच नसते.

मग अडचण कुठे आहे? दिशेत. यंत्र शब्दापासून निघते आणि होकारापाशी थांबते. व्याकरण आरंभचिन्हापासून निघून शब्दापाशी थांबले पाहिजे. शिवाय चालता चालता यंत्र टेप खरडून टाकते. होकाराच्या क्षणी मूळ शब्द उरलेलाच नसतो!

हे फळ्यावर करून पाहू. एक छोटे यंत्र घ्या. ‘अ’ची संख्या सम असेल तर होकार द्यायचा आणि वाचलेल्या प्रत्येक ‘अ’वर फुली मारायची. आतापर्यंत सम झाले असतील तर स्थिती ‘स’, विषम असतील तर ‘व’, होकार म्हणजे ‘ह’. आता प्रत्येक घर दुमजली करा. वरच्या मजल्यावर मूळ अक्षर, त्याला हात लावायचा नाही. खालच्या मजल्यावर यंत्राची खाडाखोड. मी ते [वर|खाली] असे लिहितो. रिकाम्या घरात वर काहीच नाही, खाली □.

```
स[अ|अ] → [अ|×]व
व[अ|अ] → [अ|×]स
स[–|□] → ह[–|□]
```

हे यंत्राचे नियम. त्यांच्या आधी आरंभचिन्हाने एक ‘स’ मांडायचा, त्यापुढे हवी तितकी [अ|अ] घरे आणि हवी तितकी रिकामी घरे मांडायची. किती, हे व्याकरण अंदाजाने ठरवते. आणि शेवटी आवराआवरीचे तीन नियम :

```
ह[–|□] → ह
[अ|×]ह → हअ
ह → (काहीच नाही)
```

‘अअ’ची साधना अशी चालते :

```
स[अ|अ][अ|अ][–|□]
[अ|×]व[अ|अ][–|□]
[अ|×][अ|×]स[–|□]
[अ|×][अ|×]ह[–|□]
[अ|×][अ|×]ह
[अ|×]हअ
हअअ
अअ
```

पहिल्या चार ओळींत यंत्र चालले. पुढच्या चार ओळींत ‘ह’ने खालचा मजला पाडला, वरचा उघडा केला आणि तो स्वतः नाहीसा झाला. एकच ‘अ’ घेतला असता तर ओळ [अ|×]व[–|□] इथे अडली असती. ‘व’ला रिकाम्या घरापुढे नियमच नाही. अडलेल्या ओळीत कामाची चिन्हे शिल्लक असतात, म्हणून ती भाषेत येत नाही आणि तिचा उपद्रवही नाही. रिकामी घरे अंदाजापेक्षा कमी पडली तरी तेच, साधना अडते आणि विसरली जाते. होकारापर्यंत पोहोचणारी प्रत्येक गणना मोजकीच घरे वापरते, तेव्हा पुरेसा मोठा अंदाज कुठेतरी असतोच.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. होकार येईपर्यंत ओळीत हेडचे चिन्ह एकच असले पाहिजे. सुरुवातीच्या नियमांत चुकून दोन ‘स’ शिरले, तर दोन हेड एकाच टेपवर चालू लागतात आणि यंत्राने कधीच मान्य न केलेले शब्द बाहेर पडतात. रचना बरोबर आहे का हे तपासायचे असेल तर दुसरे काही पाहण्याआधी ओळीतली हेड मोजा.

समोरून दोन चिठ्ठ्या आल्या आहेत आणि दोन्हींत पाणिनी आहे. (हशा) हसू नका, प्रश्न रास्त आहे. अष्टाध्यायीवरून ट्युरिंग यंत्र सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. पण माझ्या मताच्या बाजूने तिथे एक पक्का साक्षीदार आहे. ‘कृ’ धातूला ‘क्त’ प्रत्यय लावला की ‘कृत’ होते. ‘तृच्’ लावला की ‘कर्तृ’ होते. पहिल्यात ‘कृ’चा ‘कर्’ का झाला नाही? कारण प्रत्ययाला ‘क्’ चिकटवलेला आहे. तो उच्चारात कुठेच येत नाही. गुण करू नकोस एवढा निरोप तो देतो आणि त्याचा लोप होतो. ‘तृच्’मधला ‘च्’ स्वराबद्दल काही सांगतो आणि तोही जातो. ही ‘इत्’ अक्षरे म्हणजे तयार रूपात कधीच न दिसणारी, पण रूप घडवणारी चिन्हे. आपला ‘स’ आणि ‘व’ नेमके हेच करतात. आणि लोप ही पाणिनीने सूत्र करून सांगितलेली क्रिया आहे. काही नसणे हेसुद्धा नियमाचे फळ असू शकते, हे त्याने मान्य केले आहे. मूळ रूपे तर आणखी पुढची आहेत. ‘डुकृञ्’ या धातुपाठातल्या रूपात ‘डु’ आणि ‘ञ्’ दोन्ही जातात. ‘ञ्’मुळे धातू परस्मैपद आणि आत्मनेपद दोन्हींत चालतो, ‘डु’मुळे ‘कृत्रिम’ हा शब्द साधतो. म्हणजे तीन-चार अक्षरांच्या आत किती सूचना…

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट केले आहे. वीस मिनिटे पाणिनीवर गेली, आणि मला ती वाया गेली असे वाटत नाही. आता उलटी बाजू लवकर सांगतो.

व्याकरण दिले आहे, यंत्र बनवायचे आहे. एका टेपवर तपासायचा शब्द ठेवा. दुसऱ्या टेपवर आरंभचिन्हापासून एका पावलात मिळणाऱ्या सगळ्या ओळी लिहा, मग दोन पावलांत मिळणाऱ्या, मग तीन. नियम मोजके, ओळीतल्या जागा मोजक्या, म्हणून प्रत्येक पायरीवर ओळीही मोजक्याच निघतात. बदलाने ओळ लांबली तर उजवीकडचा भाग सरकवायचा, आखूड झाली तर ओढून घ्यायचा. एखादी ओळ शब्दाशी जुळली की होकार. पायरी-पायरीने जाणे मात्र सक्तीचे आहे. एकच साधना धरून खोल गेलात आणि व्याकरणात आ → आआ असा नियम असेल, तर यंत्र तिथेच फुगत राहील आणि शेजारच्या फांदीवरचे उत्तर कधी पाहणारच नाही.

शब्द भाषेत नसेल तर हे यंत्र थांबत नाही. का थांबत नाही, यातच माझे म्हणणे आहे. नियम कधीच आखूड होणारे नसते, तर तपासायच्या शब्दाहून लांब झालेली ओळ तिथेच टाकून देता आली असती, कारण ती परत लहान होणार नव्हती. तेवढ्या लांबीच्या आतल्या ओळी मोजक्या, त्या सगळ्या पाहून ‘नाही’ असे ठामपणे सांगता आले असते. अशा न आटणाऱ्या व्याकरणांना टेपची लांबी शब्दाइतकीच ठेवलेली यंत्रे पुरतात, हे कुरोदा यांनी 1964 मध्ये दाखवले.

पहिल्या रांगेतून आक्षेप आला आहे, आणि तो वजनाचा आहे : बळ लांब ओळींचे, पुसण्याचे कसले? त्याचे उत्तर आपल्याच व्याकरणात आहे. आवराआवरीत जिथे जिथे काही नाहीसे होते तिथे # लिहू.

```
ह[–|□] → ह#
#[–|□] → ##
[अ|×]ह → हअ
ह → #
```

आता ‘अअ’च्या जागी ‘#अअ#’ मिळते. एकही नियम ओळ आखूड करत नाही. गणना तीच, ओळी तितक्याच लांब, तरी ‘#अअ#’ या व्याकरणातून निघते की नाही हे थांबणारे यंत्र सांगू शकते. ही युक्ती कुठल्याही यंत्राला लागू पडते, थांबेल की नाही हे ठरवताच येत नाही अशा यंत्रालाही. त्या यंत्राच्या भाषेत आणि तिच्या # लावलेल्या भाषेत फरक एवढाच, की शेवटी सगळे # पुसून टाकले. लांबी दोन्हीकडे होती; पहिलीत ती लपवली गेली.

आणि # किती, याचा अर्थही पाहा. शब्दाबाहेर यंत्राला जी घरे लागली त्यांची ती नोंद आहे. आपल्या सम-विषम यंत्राला शब्दापलीकडचे एकच घर लागते, म्हणून तिथे काही बिघडत नाही. ती भाषा एरवीही सोपीच आहे. पण यंत्र कोणतेही असो, शब्द पाहून त्याला जास्तीत जास्त किती # लागतील हे आधी मोजून देणारी रीत असती, तर तितके # वेगवेगळ्या जागी लावून प्रत्येक ओळ तपासली असती आणि थांबण्याचा प्रश्न सुटला असता. तो सुटत नाही हे ट्युरिंगने 1936 मध्येच सांगितले होते. म्हणून तशी रीत नाही.

दिवे लुकलुकवून मला खूण केली जात आहे. मार्कोव्ह यांच्या सिद्धतेबद्दल ज्यांनी चिठ्ठी पाठवली त्यांनी कृपया बाहेर फळ्यापाशी थांबावे, फळा पुसायचा नाही असे मी सांगून ठेवले आहे. (हशा, टाळ्या)