सगळ्या वह्यांत एकच अक्षर

(सामुदायिक रेडिओवरील भाषण, रिसोड)



तुमच्यापैकी पुष्कळ जणी बचत गटात आहेत. कुणी अध्यक्ष असेल, कुणी सचिव, कुणी वह्या लिहिणारी लिपिका. आज मी बोलणार आहे ती गोष्ट माझ्याच चुकीची आहे. आपल्यातली एखादी हुशार बाई पहिल्यांदा दहा जणींच्या कामावर देखरेख करायला बसते, तेव्हा ही चूक हमखास होते.

मी पाच वर्षं उमेद अभियानात सीआरपी होते. हिशोब हा माझा हातखंडा. इतिवृत्ताची वही, बचत-कर्जाची नोंदवही, रोखकीर्द, बायांची पासबुकं, कशातही खाडाखोड नाही. त्या जोरावर प्रभागसंघाची व्यवस्थापक झाले. आता माझं काम वह्या लिहिणं नव्हतं, लिहिणाऱ्यांकडून काम करून घेणं होतं. पण मला ते कळलंच नाही. एखाद्या लिपिकेची बेरीज चुकली की मी म्हणायची, "आण इकडं, मीच करते." रात्री स्वयंपाक आटोपला की वह्या घेऊन बसायची. मला वाटायचं, मी त्यांना मदत करते आहे.

मे महिन्यात मला ताप आला आणि बारा दिवस अंथरुणाला खिळले. उठले तेव्हा चार गटांच्या दोन-दोन बैठकांच्या नोंदीच नव्हत्या. पैसे गोळा झाले होते, पेटीत होते, पण वही कोरी. त्यातल्या दोन गटांची बँकेच्या कर्जाची फाईल तयार व्हायची होती, आणि बँक आधी वह्या बघते. पेरणी तोंडावर होती. फाईल मागे पडली आणि काही घरांनी सोयाबीनचं बियाणं दुकानातून उधारीवर उचललं. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मी एका लिपिकेला रागानं विचारलं, "लिहिलं का नाहीस?" ती म्हणाली, "ताई, म्या लिहिलेलं तुमी खोडता न् पुन्हा लिहिता. मंग मी कायले लिहू?"

त्या रात्री मी सगळ्या वह्या काढून समोर ठेवल्या. गावं वेगळी, गट वेगळे, पण सगळ्या वह्यांत अक्षर एकच, माझं. पूर्वी मला त्याचा अभिमान वाटला असता. आता तेच माझ्या चुकीचं लक्षण होतं.

मग काय बदललं, ते सांगते. प्रत्येक लिपिकेसोबत चार पायऱ्या ठरवल्या. पहिल्या बैठकीत मी लिहायचं, तिनं बघायचं. दुसऱ्या बैठकीत तिनं लिहायचं, मी शेजारी बसायचं, पण पेन हातात घ्यायचा नाही. तिसऱ्या वेळी मी बैठक संपताना जायचं आणि फक्त पेटी मोजायची. त्यानंतर महिन्यातून एकदा, न सांगता. एकच चूक दोनदा झाली, तर एक पायरी खाली यायचं. वही मात्र तिच्याच हातात राहील.

दुसरी गोष्ट, काय तपासायचं ते आधीच सांगून ठेवलं. रोखकीर्दीतली अखेरची शिल्लक आणि पेटीतली रोकड जुळली पाहिजे. कुठल्याही तीन बायांची पासबुकं गटाच्या नोंदवहीशी जुळली पाहिजेत. बाकी अक्षर वाकडं आहे, रेघ तिरपी आहे, त्यावर मी बोलणार नाही.

एक प्रसंग सांगते. अकरा बायांचा गट. आधीच्या आठवड्याची शिल्लक 1,340 रुपये. प्रत्येकीची बचत 50, म्हणजे 550. कर्जाची परतफेड 2,200 आणि व्याज 150. एकूण झाले 4,240. त्यातून एका बाईला 3,000 रुपये कर्ज दिल्याची नोंद. म्हणजे पेटीत 1,240 असायला हवेत. मोजले तर 740 निघाले. 500 रुपये कमी.

सगळ्या जणी एकमेकींकडे बघू लागल्या. अशा वेळी पैशाची चूक क्षणात माणसावरचा संशय होते. मला आकडे बघताच अंदाज आला होता, जीभ शिवशिवत होती. पण मी लिपिकेला एवढंच विचारलं, "आज पेटीत पैसे कुणाकडून आले आणि कुणाकडे गेले? एकेक पासबुक उघड." तिनं आधी बचत ताडून पाहिली, बरोबर. मग परतफेड आणि व्याज, बरोबर. शेवटी कर्ज घेतलेल्या बाईचं पासबुक उघडलं, तर त्यात 3,500. पैसे दिले होते 3,500, रोखकीर्दीत लिहिले 3,000. वीस मिनिटं लागली. मी केलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं, पण पुढच्या वेळी पुन्हा मलाच बोलावलं असतं. त्या दिवसापासून ती कर्जाची रक्कम बाईच्या हातात देण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवते. हे मी शिकवलं नव्हतं, तिचं तिनंच काढलं.

आता कुणी म्हणेल, मग विश्वास ठेवून सगळं सोडून द्यायचं का? तसं नाही. पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीकडे, हे मोडायचं नाही. कोऱ्या विड्रॉल स्लिपवर सही करायची नाही, समोर सख्खी बहीण असली तरी. विश्वास म्हणजे तपासणी बंद करणं नाही. कुठे तपासायचं हे ठरवून बाकीच्या वेळी हात मागे घेणं, तो विश्वास.

लिज्जत पापडाचं उदाहरण घ्या. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात बायांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज हजारो बहिणी आपापल्या घरी लाटतात. इतक्या घरांत जाऊन कोण बघणार? म्हणून पीठ केंद्रावर मळतात, प्रत्येकीला वजन करून देतात, आणि लाटलेले पापड परत आले की तपासून, वजन करून घेतात. पीठ देताना आणि पापड घेताना, या दोनच जागी नजर. मधल्या वेळी तिच्या पोळपाटाशी कुणी उभं राहत नाही. पहिल्या सात जणींनी "आमच्यासारखा पापड कुणाला जमत नाही" म्हणून सगळं स्वतःच लाटलं असतं, तर ते काम गिरगावच्या त्या गच्चीवरच राहिलं असतं.

तुमच्या बाबतीत हे होतंय का, ते ओळखायच्या खुणा सांगते. लिहिण्याआधी वहीचा फोटो तुमच्या फोनवर येतो का? "ताई, काय लिहू?" असा फोन तोच तो प्रश्न घेऊन येतो का? तुम्ही माहेरी गेलात तर बैठक पुढं ढकलतात का? असं असेल तर तुमच्या लिपिका कच्च्या नाहीत, तुम्ही त्यांना वही दिलेलीच नाही. फोन आला तर उत्तर देण्याआधी विचारा, "तुला काय वाटतं, कुठं लिहावं?" आणि ती बोलेपर्यंत थांबा. हे थांबणंच सगळ्यात जड जातं, मला अजूनही जातं.

बियाणं उधारीवर घेतलेल्या त्या घरांचं नुकसान मला भरून देता आलं नाही. पण यंदा मे महिन्यात लग्नासाठी मी आठ दिवस बाहेरगावी होते. परत आल्यावर वह्या उघडल्या. नोंदी पूर्ण, पेटी जुळलेली. एका वहीत अक्षर वाकडं होतं, एकीत बेरजेजवळ खाडाखोड होती. मी पेन उचलला नाही.