बाळंतिणीचा कप: दुधात किती, बाळात किती

(पाजणाऱ्या आयांसोबत वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



बाळंतिणीच्या खाण्यापिण्याचा विषय निघाला की प्रत्येक शिबिरात हमखास एक प्रश्न येतो. "ताई, आईनं कॉफी घेतली तर मग बाळाला किती तासांनी पाजायचं?" प्रश्न विचारतानाच आपण धरून चाललेलो असतो की कॉफी प्यायली म्हणजे दूध काही काळ खराब झालं, आणि तो काळ टळेपर्यंत बाळाला दूर ठेवायचं. आज मला बोलायचं आहे ते या गृहीताबद्दल. कारण यापायी जे नुकसान होतं, ते कॉफीनं सहसा होत नाही.

आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईची हकीगत सांगते. नाव-गाव नको. बाळ सात आठवड्यांचं, वजन चार किलोच्या आसपास. बाळंतपणाआधी तिला दिवसात तीन कप इन्स्टंट कॉफीची सवय, बाळंतपणानंतरही दोन-तीन कप चालू. बाळ संध्याकाळी रडायला लागलं तसं घरात ठरलं, की हिचं दूध बाळाला बाधतंय, कॉफीमुळे. नात्यातल्या कुणीतरी नियम घालून दिला: कॉफी घेतली की चार तास पाजायचं नाही, तेवढ्या वेळातलं दूध पिळून टाकायचं, बाळाला बाटलीनं पावडरचं दूध द्यायचं. म्हणजे दोन कपांचे आठ तास. ती वाटीत दूध पिळायची आणि मोरीत ओतायची. दहा-बारा दिवसांत एका छातीत गाठी आल्या, दूध कमी झालं, पावडरचा डबा संपला की दुसरा. बाळ संध्याकाळी रडतच होतं. शेवटी तिनं एका दिवसात कॉफी बंद केली, तर डोकं इतकं दुखायला लागलं की बाळाला घेववेना. घरातले बाकी सगळे मात्र दिवसातून चार वेळा चहा घेत होते, ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. असो.

आता आपण तिच्या एका कपाचा माग काढू.

एक चहाचा चमचा इन्स्टंट कॉफी घालून केलेल्या कपात साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन असतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारमार्गदर्शिकेत १५० मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम, पावडर गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०, आणि चहात ३० ते ६५ असे आकडे दिले आहेत. चहावाल्या घरांनी शेवटचा आकडा दोनदा वाचावा. फिल्टर कॉफीच्या पुड्यात चिकोरी मिसळलेली असेल तर तेवढं कॅफिन कमी, कारण चिकोरीत ते नसतंच. आपल्याकडची जायफळ घातलेली दुधाळ कॉफी कपभर असली तरी पावडर अर्धा चमचाच असते. म्हणून कप मोजण्यापेक्षा चमचे मोजा.

हे कॅफिन पोटातून रक्तात जातं आणि रक्तातून दुधात. दुधातलं प्रमाण सुमारे तासाभरात सर्वांत जास्त होतं. पन्नास-पंचावन्न किलो वजनाच्या बाईनं एक असा कप घेतला, तर त्या वेळी तिच्या लिटरभर दुधात ढोबळमानानं एक मिलिग्रॅम कॅफिन असेल. बाळ एका वेळी काही लिटरभर पीत नाही. ते ८० मिलिलिटर प्यायलं, तर त्याच्या पोटात एका मिलिग्रॅमचा दहावा भागही जात नाही. तीन कपांचा दिवसभराचा हिशेब केला तरी १८० मिलिग्रॅममधलं एक मिलिग्रॅमसुद्धा बाळापर्यंत पोचत नाही.

हे थोडं म्हणजे किती थोडं, याची तुलना हवी असेल तर नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात पाहा. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं श्वास घ्यायचं विसरतात, तेव्हा डॉक्टर त्यांना औषध म्हणून कॅफिनच देतात. तिथं रोजची मात्रा दर किलो वजनामागे अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असते. आपल्या या बाळाला आईच्या तीन कपांतून मिळत होतं ते दर किलोमागे मिलिग्रॅमच्या पाचव्या भागाहूनही कमी.

मग काळजी करायचीच नाही का? करायची, पण वेगळ्या ठिकाणी. प्रश्न बाळाच्या पोटात किती जातं एवढाच नाही, तर गेलेलं बाहेर किती दिवसांनी पडतं हाही आहे. आपल्या शरीरातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांत निघून जातं. हे काम यकृत करतं. नवजात बाळाचं यकृत या कामाला अजून तयार झालेलं नसतं, त्यामुळे त्याला निम्मं बाहेर टाकायला तीन ते चार दिवस लागतात. तीन ते पाच महिन्यांच्या बाळाला सुमारे चौदा तास, आणि सहा महिन्यांनंतर ते जवळपास मोठ्या माणसासारखं उरकतं.

याचा अर्थ नीट समजून घ्या. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत आजचं थोडं, कालचं थोडं, परवाचं थोडं असं बाळाच्या अंगात साचत जातं. तीन कपांचं साचून साचूनही ते औषधाच्या पातळीच्या खूप खाली राहतं. पण आईच्या पोटात दिवसाला दहा कप जात असतील तर तेही साचतं, आणि अशा आयांची बाळं चिडचिडी, थरथरणारी, झोपेला टेकत नाहीत अशी झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणूनच लहान बाळाच्या बाबतीत कोणत्या तासाला पाजलं यापेक्षा दिवसभरात एकूण किती कॅफिन घेतलं याला महत्त्व आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये पाजणाऱ्या आईसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत चिंता नाही असं म्हटलं, अमेरिकेत ३०० पर्यंत चालतं असं सांगतात. मी बायकांना २०० सांगते, आणि त्यात चहा, कोला, चॉकलेट सगळं धरायला सांगते. काही डोकेदुखीच्या गोळ्यांतही कॅफिन असतं. आपल्या या बाईनं कॉफी सोडून डोकेदुखीवर जी गोळी घेतली होती, तिच्या पाकिटावर आम्ही वाचलं तर तिच्यात ते होतंच!

आता वेळेचं. दूध म्हणजे साठवणीची टाकी नव्हे. आईच्या रक्तातलं कॅफिन उतरलं की दुधातलंही आपोआप परत रक्तात ओढलं जातं आणि उतरतं. पिळून टाकल्यानं ते लवकर जात नाही. जातं ते फक्त दूध. दुसरं असं, की निम्मं जायला पाच तास लागत असतील, तर तीन तासांनी पाजलं काय आणि एका तासानं पाजलं काय, फरक पडतो तो साधारण चौथ्या हिश्शाचा. एवढ्यासाठी रडतं बाळ ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. ज्या बाळाला दिवसात दहा-बारा वेळा पाजावं लागतं, त्याच्या वेळा कॉफीभोवती बसवणं मुळात जमतच नाही.

एक साधी सोय मात्र आहे. बाळाला आधी पाजा आणि लगेच नंतर कप घ्या. त्या पाजण्याच्या वेळी दुधात नवीन कॅफिन आलेलं नसतं, आणि पुढच्या वेळेपर्यंत सर्वांत जास्त असण्याची घटका टळून गेलेली असते. मध्येच बाळ भुकेलं तर पाजायचं, घड्याळ बघायचं नाही. बाळ सहा महिन्यांचं झालं, पाजण्याच्या वेळा लांबल्या, की ही युक्ती अधिक उपयोगी पडते. तोवर तिची गरजही कमी झालेली असते, ही गंमतच. गरम कप हातात घेऊन बाळाला मांडीवर घेऊ नका, हे सांगायला हवं का? सांगते, कारण भाजलेली बाळं पाहिली आहेत.

रडण्याचं काय? सहा-सात आठवड्यांचं निरोगी बाळ संध्याकाळी रडतं, त्या वयात रडणं सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. ब्राझीलमधल्या पेलोतास शहरात २००४ साली जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ नऊशे बाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या बाळांच्या रात्री उठण्याशी आईच्या कॅफिनचा संबंध त्यात आढळला नाही. तरीही एखादं बाळ टक्क जागं राहतं, डोळे मोठे, हात थरथरतात, कशानंच निवत नाही, आणि आईचं कॅफिन बरंच आहे, असं असेल तर कमी करून पाहावं. पण दोन दिवस सोडून "काही फरक नाही" म्हणू नका. लहान बाळाच्या अंगातून ते निघायलाच आठवडा-दीड आठवडा लागतो, तेवढी वाट बघा. आणि आईनं एकदम सोडू नये. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा चमचा कमी केला तर डोकं दुखत नाही. बाळाला ताप असेल, ते ओढून पीत नसेल, शू कमी झाली असेल, मलूल पडलं असेल, तर कॉफीचा विचार बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा त्याला स्वतःलाच कॅफिनचं औषध चालू असेल, तर आईच्या कपाबद्दल त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

या बाईला आम्ही दूध टाकणं त्याच दिवशी थांबवायला सांगितलं. दिवसाला दोन कप ठरले, एक सकाळी पाजून झाल्यावर, एक दुपारी. बाळाला मागेल तेव्हा दोन्ही बाजूंना घ्यायचं, गाठीच्या बाजूला आधी. सासूबाईंना मी चमचे मोजून दाखवले. त्या म्हणाल्या, "मग आमचा चहासुद्धा धरायचा का?" धरायचा. पावडरचं दूध टप्प्याटप्प्यानं कमी करत दोन आठवड्यांत सुटलं. बाळ संध्याकाळी आणखी महिनाभर रडलं, मग आपोआप थांबलं.

तिच्या बाबतीत मला कॉफीची खरी काळजी वाटली ती वेगळ्याच कारणानं. तिचं रक्त कमी होतं आणि लोहाची गोळी ती दुपारच्या कपाबरोबरच गिळत होती. कॉफी-चहातले काही घटक लोहाला धरून ठेवतात, ते अंगी लागू देत नाहीत. कोस्टा रिकामध्ये १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज ४५० मिलिलिटरहून जास्त कॉफी पिणाऱ्या आयांच्या दुधात लोह सुमारे एक तृतीयांशानं कमी आढळलं होतं. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा-कॉफीचा कपही हेच करतो. जेवणाआधी आणि नंतर तासभर तरी कप नको, आणि गोळी कपापासून दोन तास लांब. आता ती गोळी रात्री लिंबाच्या सरबताबरोबर घेते.